खांबाचा कल कोणाकडे?

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळचा विजेचा खांब वाकला आहे, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. आणि आमच्याकडे ज्या गोष्टीबद्दल दुमत नसतं तिचं पुढे काहीही होत नाही. पावसाळ्याआधी गटाराच्या कामाला आलेल्या माणसांनी खांबाच्या बुडाशी चर खणला, काम झाल्यावर माती परत ढकलली, वर दोन फुटक्या फरश्या ठेवल्या आणि ती निघून गेली. पहिल्याच मोठ्या पावसानंतर खांबाने फाटकाकडे मान टाकली. विजेच्या तारांचा ओढा होताच. त्यात केबलवाल्यांनी आणि इंटरनेटवाल्यांनी आपापली भेंडोळी त्याच्याच गळ्यात अडकवलेली. आमच्या वॉचमनने तेवढी आपली खुर्ची उचलून फाटकाच्या दुसऱ्या अंगाला नेली. सोसायटीच्या पातळीवर झालेली ही एकमेव उपाययोजना.

शेवटी सेक्रेटरी आणि मी अर्ज घेऊन वीज कार्यालयात गेलो. टेबलामागच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "खांब धोकादायकरीत्या वाकला आहे म्हणजे किती?"

"बराच," सेक्रेटरी म्हणाले.

"बराच सगळेच लिहितात. किती अंश ते लिहा, कुठल्या दिशेला ते लिहा, फोटो जोडा. मग साहेबांपुढे ठेवते."

त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली. अंश विचारल्याबरोबर सगळ्यांना तो आधीपासूनच माहीत होता असं दिसलं. तळमजल्यावरच्या काकांनी तीस सांगितला. खांब कोसळला तर पहिली खिडकी त्यांची, त्यामुळे त्यांचा आकडा मोठा असणं साहजिकच. वरच्या मजल्यावरचे काका वीसवर ठाम होते. सेक्रेटरींना खर्चाची धास्ती, म्हणून त्यांनी दोन-तीनच्या पुढे जायला नकार दिला. तडजोड म्हणून पंधरा लिहावं असा ठराव येणार, इतक्यात कोपऱ्यातून आमचे सर उठले. सर निवृत्त गणित शिक्षक. सभेत ते सहसा बोलत नाहीत आणि बोललेच तर फळा शोधतात.

"तीस अंश म्हणजे काय ते कळतं का?" सर म्हणाले. "खांब नऊ मीटरचा. त्यातला दीड मीटर जमिनीत, साडेसात वर. तो तीस अंशांनी कलला तर त्याचं डोकं बुडापासून पावणेचार मीटर बाहेर जाईल. म्हणजे फाटक ओलांडून रस्त्याच्या मध्यावर. आत्ता दिवा रस्त्याच्या मध्यावर आहे का?"

सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. नव्हता. काकांनी "तसं नव्हे, पण वाटतो तीस" असं म्हणून माघार घेतली. डोळ्याला सरळपणाची इतकी सवय असते की दोन-तीन अंश बिघडले तरी त्याला आकाश कोसळल्यासारखं वाटतं, आणि मग तोंड त्यात हवी तेवढी भर घालतं.

मोजायचं कसं, हा प्रश्न उरला. खांबावर चढणं सोडाच, त्याला दोरी बांधायचीही नाही, असं सरांनी बजावलं. तारा जिवंत, दिवस पावसाचे, ओली दोरी. तेव्हा लांबून फोटो काढायचा आणि फोटोवर मोजायचं. पहिल्या मजल्यावरची आमची गॅलरी खांबाच्या बरोब्बर समोर, मधल्या अंगणापलीकडे साधारण पंधरा मीटरवर. तिथून पाहिलं की खांब उजवीकडे, फाटकाच्या बाजूला झुकलेला दिसतो. शिवाय गॅलरी खांबाच्या मधल्या उंचीला येते, म्हणजे मोबाइल वर किंवा खाली वाकवावा लागत नाही. एवढी कारणं ऐकल्यावर सभेने मला बिनविरोध निवडून दिलं. सोसायटीत एरवी वॉटर-मीटरच्या रीडिंगसाठीसुद्धा मला कोणी विचारत नाही.

मी उत्साहाने फोटो काढला, छापून आणला आणि कागदाच्या कडेशी खांबाचा कोन मोजला. साडेसात अंश. ही म्हणाली, "तुम्ही फोन वाकडा धरलाय. मला द्या." हिने काढलेल्या फोटोत खांब दीड अंशावर आला. जवळजवळ सरळच. "बघा," ही म्हणाली, "वाकडं काय होतं ते कळलं." खांब तोच, गॅलरी तीच, पण दोन फोटोंत सहा अंशांचा फरक. सरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि जाहीर केलं, की या क्षणापर्यंत आपण खांब मोजलेला नसून नवराबायकोची मनगटं मोजली आहेत. कागदाची कड म्हणजे फोनची कड. फोन कलला की ती कलणार. फोटोत एक तरी गोष्ट अशी हवी जिला पृथ्वीशिवाय दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नसतं.

म्हणजे ओळंबा.

तिसऱ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रींकडे मी ओळंबा मागायला गेलो. 

"काय बांधताय साहेब?"

"बांधत नाही. खांबाचा कोन काढायचाय."

"मग खांबाला लावा की."

"खांबाला नाही लावायचा. आमच्या गॅलरीत लावायचाय."

मिस्त्रींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ओळंबा दिला. दोरी मात्र दिली नाही, कारण ती त्यांना पाडावर लागत होती. मी घरातली सुतळी लावली. सुतळीला पीळ असतो हे मला वाण्याच्या पुड्यांवरून माहीत होतं, पण त्याचे परिणाम माहीत नव्हते. कपडे वाळत घालायच्या दांडीला ओळंबा टांगल्याबरोबर तो गरागरा फिरायला लागला, एका बाजूचा पीळ सुटला की दुसऱ्या बाजूने. शेवटी पडद्याची बारीक नायलॉनची दोरी काढली. पडदा अजून नाही लागलेला.

मग वारा. दीडेक मीटर दोरीला टांगलेलं वजन अडीच सेकंदांत एक झोका पुरा करतं, हे सूत्र सरांनी सांगितलं आणि मी घड्याळ लावून पाहिलं, ते खरं निघालं; पण झोका थांबवायचा कसा हे सूत्रात नव्हतं. ते मिस्त्रींनी सांगितलं. खाली बादलीभर पाणी ठेवायचं आणि ओळंब्याचा लोलक त्यात बुडवायचा. पाणी झोका खाऊन टाकतं, दोरी मात्र होती तशीच सरळ राहते. बादली ठेवली आणि दोरी एकदम स्तब्ध झाली. मला फार आनंद झाला. काढलेल्या फोटोत कोन आला साडेसहा.

सरांना ही स्तब्धता पटली नाही. "मोकळी दोरी अगदी गप्प कधी बसत नाही," ते म्हणाले. "थोडी तरी हलते. एवढी शिस्तीत आहे म्हणजे कशाला तरी टेकली आहे." गुडघ्यावर बसून पाहिलं तर लोलक बादलीच्या काठाला लागून आरामात विसावलेला. बादली चार बोटं सरकवली तशी दोरी पुन्हा किंचित हलायला लागली आणि तेव्हाच ती खरं बोलतेय असं कळलं. पुढचा फोटो काढेपर्यंत कामवाल्या मावशींनी "लादी पुसायची राहिलीय" म्हणून बादली नेली. लादी पुसून झाली. पाणी पुन्हा भरलं.

इथे एक शंका घेऊन तळमजल्यावरचे काका वर आले. दोरी गॅलरीत, खांब पंधरा मीटर लांब. मग दोरीवरून खांब कसा मोजणार? शंका रास्त होती. मी हॉलच्या पार मागच्या भिंतीला पाठ लावून, सोफा बाहेर काढून, झूम करून फोटो काढत होतो. तिथून पाहिलं की दोरी खांबाच्या शेजारून खाली उतरताना दिसते. अर्ध्या पावलाने डावीउजवीकडे सरकलो की ती खांबाच्या जवळ येते किंवा लांब जाते.

"बघा," काका म्हणाले, "अंतर बदललं! म्हणजे कोनही बदलणार."

"अंतर बदलू दे," सर म्हणाले. "ते वरही तितकंच बदलतं आणि खालीही तितकंच. आपल्याला अंतर नकोच आहे. वरचं अंतर आणि खालचं अंतर, यांतला फरक हवाय. दोरीला फक्त उभी दिशा कोणती ते विचारायचं. बाकी काही विचारायचं नाही."

काकांना एवढ्या कमी कामासाठी एवढी दोरी ठेवणं उधळपट्टी वाटली. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकांशी संधान बांधलं आणि दोघांनी मिळून दोरीविना मोजायची योजना आखली. बी विंगच्या भिंतीची कड फोटोत येतेच. भिंत सरळच असते. तिच्याशी खांब ताडून पाहिला की झालं. वरच्या काकांनी अंगणात उभं राहून, फोन आभाळाकडे उचलून फोटो काढला. खांब एका बाजूला, भिंत दुसऱ्या बाजूला. रात्री नऊ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर आला: खांब वाकलेला नाही, बी विंग वाकली आहे.

त्या रात्री कोणी झोपलं नसावं. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी कपाटातून चेंडू काढून जमिनीवर ठेवला आणि तो घरंगळतो का पाहिलं. घरंगळला. जिथे चेंडू घरंगळत नाही असं घर मी तरी पाहिलेलं नाही, पण वेळ तशी होती. ए विंगवाल्यांनी सहानुभूतीचे संदेश पाठवले, त्यांत समाधान लपत नव्हतं. बिल्डरच्या नावाने जे लिहिलं गेलं ते सकाळी ग्रुपच्या ॲडमिनने पुसलं.

सकाळी सर ओळंबा घेऊन अंगणात आले. त्यांनी तो बी विंगच्या भिंतीपाशीच, त्या कडेला लागून टांगायला लावला आणि काकांना सांगितलं, "काल काढला तसाच फोटो काढा. तीच जागा, तोच हात." फोटोत ओळंब्याची दोरीसुद्धा भिंतीइतकीच कललेली आली. म्हणजे भिंत दोरीच्या बरोबरीने उभी होती. कलला होता तो काकांचा फोन. खालून फोन वर करून फोटो काढला की उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. फोटोच्या मधोमध हे फारसं कळत नाही, कडेला ठळक दिसतं. आणि फोनचं रुंद भिंग कडेच्या सरळ रेषांना बाकही आणतं, ते वेगळंच. म्हणून खांब फोटोच्या मध्यावर हवा, दोरी त्याला अगदी लगटून हवी, आणि फोन समोर धरलेला हवा. बी विंगचे भाव पूर्ववत झाले. चेंडूवाल्यांनी मात्र फरशीबद्दल मिस्त्रींशी स्वतंत्र बोलणी सुरू केली.

आता माझ्याकडे नीट फोटो होता. मध्यावर खांब, शेजारी दोरी. दोरी जवळ असल्याने थोडी धूसर आली होती, पण धूसर पट्ट्याचा मध्य पकडता येतो. फोटो मोठ्या कागदावर छापून आणला, सरांच्या टेबलावर पसरला. सरांनी दोरीला काटकोनात दोन आडव्या रेघा मारल्या, एक खाली आणि एक वर, आणि दोरीवर त्यांच्यामधलं अंतर मोजलं: १७६ मिलिमीटर.

मोजायला घेतलं तेव्हा दोन्ही काका हजर होतेच. एकाने खांबाची डावी कड धरली, दुसऱ्याने उजवी. डाव्या कडेवाल्यांचं उत्तर ४.९ अंश आलं, उजव्या कडेवाल्यांचं ४.२. दोघांनीही एकमेकांची पट्टी तपासली. पट्टी एकाच कंपासपेटीतली होती.

"दोघंही बरोबर मोजताय आणि दोघंही चुकताय," सर म्हणाले. त्यांना असं म्हणायला फार आवडतं. "खांब खाली रुंद आहे, वर निमुळता. निमुळत्या खांबाच्या कडा तो सरळ उभा असतानाही कललेल्या असतात, एक इकडे, एक तिकडे. कडा धरायच्याच नाहीत. मध्य धरायचा."

खालच्या रेघेवर दोरीपासून डावी कड १२ मिलिमीटरवर, उजवी २० वर, मध्य १६. वरच्या रेघेवर डावी २७, उजवी ३३; मध्य ३०. म्हणजे वर जाता जाता खांबाचा मध्य दोरीपासून १४ मिलिमीटर दूर गेला. १४ भागिले १७६, उतार ०.०८. लहान कोनांना सरांची युक्ती अशी, की उताराला ५७.३ ने गुणलं की अंश मिळतात. कोष्टक नको, कॅल्क्युलेटरवरची ती भीतिदायक बटणंही नकोत. उत्तर आलं साडेचार अंश. आणि यात मिलिमीटर फोटोतले आहेत की खांबावरचे, हे कुठेच विचारावं लागलं नाही. फोटो मोठा छापला असता तर १४ ही वाढले असते आणि १७६ ही, भागाकार तोच.

साडेचार ऐकून सभेचा विरस झाला. "फक्त?" असं तळमजल्यावरचे काका म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज लग्नात आइस्क्रीम संपल्यावर येतो तसा आला. तेव्हा सरांनी पिसाचा मनोरा काढला. १९९० साली तो लोकांसाठी बंद केला तेव्हा त्याचा कल साधारण साडेपाच अंश होता. अकरा-बारा वर्षं खपून, उंच बाजूखालची माती थोडीथोडी काढून तो जेमतेम चार अंशांवर आणला आणि मग २००१ च्या शेवटी पुन्हा उघडला.

"म्हणजे आजघडीला आपण पिसाच्या पुढे!" काका एकदम खुलले. सभेने साडेचारचं स्वागत केलं. तिकीट लावावं का, असंही एकाने विचारलं.

एवढ्यावर अर्ज गेला असता, पण सेक्रेटरींनी छापील प्रत अधिक ठसठशीत हवी म्हणून फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिला. दुकानातल्या मुलाने तो कागदभर पुरावा म्हणून आडवा ताणून दिला. त्या प्रतीवर कोन साडेपाचच्या जवळ गेला आणि काकांनी "वाढलं, वाढलं" अशी हाळी दिली. खांबाच्या मागे वाहने लावू नका असं सांगणारी गोल पाटी आहे. ती या प्रतीत लंबगोल झालेली मला दिसली, तेव्हा उलगडा झाला. फोटो फिरवला तर बिघडत नाही, कारण खांबाबरोबर दोरीही फिरते. मोठा-लहान केला तरी बिघडत नाही. पण नुसता आडवा ताणला की १४ वाढतात आणि १७६ जागच्या जागी राहतात. फोटोत एखादी गोल वस्तू असू द्यावी, असा सल्ला मी तेव्हापासून सगळ्यांना देत असतो. अजून कोणी मागितलेला नाही.

त्यानंतर खरी अडचण निघाली. वॉचमन सहज म्हणाला, "साहेब, तुम्ही घरातनं बघताय म्हणून तो नुसता फाटकाकडं दिसतो. मी फाटकातनं बघतो, मला तो रस्त्याकडंही जातो."

सर खुर्चीतून उठलेच. फोटो सपाट असतो. आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर झुकलेला खांब त्यात सरळ दिसतो. आमच्या गॅलरीतून कलाचा एकच भाग कळत होता. दुसरा कळायला काटकोनातल्या जागेवरून फोटो हवा. ती जागा म्हणजे बी विंगच्या जिन्याची खिडकी. ओळंबा, बादली, नायलॉनची दोरी आणि उघड्यावर पडलेला आमचा हॉल असं सगळं तिकडे गेलं. या बाजूने आमचा खांब वर-खाली सारखाच रुंद दिसतो, त्यामुळे काकांना भांडायला कड उरली नाही. इथे १७५ मिलिमीटर उंचीत मध्य ७ मिलिमीटर सरकला. उतार ०.०४, म्हणजे सव्वादोन अंश, रस्त्याकडे.

"साडेचार आणि सव्वादोन, पावणेसात," सेक्रेटरींनी ताबडतोब हिशेब केला.

"बेरीज नाही करायची. दोन्ही कल एकमेकांना काटकोनात आहेत. पायथागोरस लावायचा." सरांनी दोन्ही उतारांचे वर्ग केले, ०.००६४ आणि ०.००१६, बेरीज ०.००८, तिचं वर्गमूळ ०.०८९. त्याला ५७.३ ने गुणलं की ५.१ अंश. साडेसात मीटरवर दिव्याचं डोकं बुडाच्या ओळीपासून ६७ सेंटिमीटर बाहेर. दिशा म्हणाल तर दुसरा उतार पहिल्याच्या निम्मा, म्हणजे फाटकाकडे दोन पावलं तर रस्त्याकडे एक.

मी अर्जात ५.११ लिहिणार होतो. दोन दशांश स्थळं पाहून साहेब उठून उभे राहतील अशी माझी कल्पना. सरांनी मला थांबवलं. पट्टीवर मिलिमीटर इकडचा तिकडे वाचला तरी कोनात अंशाचा तिसरा हिस्सा सरकतो, आणि दिशा तर पाचेक अंशांनी फिरते. त्यामुळे कोन "सुमारे ५ अंश" आणि दिशा "सुमारे अमुक" असंच लिहायचं. मला हे जरा कमीपणाचं वाटलं. एवढी दोरी, एवढी बादली, बी विंगची एक अख्खी रात्र, आणि शेवटी सुमारे!

अर्ज गेला. सोबत दोन फोटो, मोजमापं आणि सरांनी लाल-निळ्या पेन्सिलीने काढलेला नकाशा. टेबलामागच्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हे कोणी केलं?" सेक्रेटरींनी तत्परतेने स्वतःचं नाव सांगितलं.

काही दिवसांनी लाइनमन आला तो आमचा नकाशा हातात घेऊनच. साहेबांनी त्यावर शेरा मारला होता: बुडाशी काँक्रीट भरावे व कलाच्या विरुद्ध दिशेस स्टे द्यावा. स्टे म्हणजे खांबाच्या माथ्याजवळून जमिनीत तिरकी आणलेली ताणाची तार. तिचं खालचं टोक खड्डा घेऊन पुरतात. आमच्या कागदाचा सरकारी पातळीवर इतक्या गांभीर्याने कोणी विचार करेल याची मला सवय नव्हती. लाइनमनने खांबापाशी उभं राहून नकाशातली दिशा पाठीमागे वळवली, भिंतीच्या कडेने काही पावलं, आत काही पावलं असा चार मीटरवर आला आणि पहार जमिनीत रोवली.

ती रोवली हिच्या कढीपत्त्यापासून वीतभर अंतरावर.

ही गॅलरीतूनच ओरडली, "अहो, तिथे काय करतायत ते?"

"स्टे देतायत. विरुद्ध दिशेला द्यावा लागतो."

"दिशा कोणी काढली?"

या प्रश्नाचं उत्तर मी मोठ्याने दिलं नाही. मी धावत सरांकडे गेलो. सरांनी दिशा पाचेक अंश इकडेतिकडे होऊ शकते असं म्हटलं होतं. मग ती नेमकी इकडेच का धरायची? पहिल्या फोटोत १४ च्या जागी १३ वाचले आणि दुसऱ्यात ७ च्या जागी ८, तर खड्डा फूटभर अंगणाकडे सरकतो. वाफ्याची कड ओलांडली की कढीपत्ता वाचतो. मी पट्टी लावून दाखवली. जरा तिरकं पाहिलं की १३ दिसत होतेच.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाफ्याच्या कडेपलीकडे काय आहे?"

पलीकडे सेक्रेटरींची गाडी उभी राहते. पिवळे पट्टे मारलेली, सोसायटीच्या नकाशात नोंदवलेली जागा. आणि सेक्रेटरी पट्टी घेऊन आधीच येऊन बसले होते. त्यांना पहिल्या फोटोत १५ दिसत होते आणि दुसऱ्यात ६. तसं धरलं तर खड्डा आणखी भिंतीकडे सरकून कढीपत्त्याच्या थेट बुंध्यात जात होता.

"मोजमाप म्हणजे मोजमाप," सेक्रेटरी म्हणाले. "भावनेला जागा नाही."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो.

आम्ही तिघेही खाली आलो. लाइनमन पहारेवर हात ठेवून उभा होता. "साहेब, एकदा काय ते नक्की सांगा. खड्डा कुठं घेऊ?"

सेक्रेटरींनी बोट दाखवलं. मीही दाखवलं. सरांनी आम्हा दोघांच्या मागे, खांबाच्या बुडाशी उभं राहून खिशातला कोनमापक काढला, एक डोळा मिटला आणि दोन्ही बोटं नीट पाहून घेतली.

"दोघांत बरोब्बर दहा अंशांचा फरक आहे," ते समाधानाने म्हणाले. "पाच इकडे, पाच तिकडे. मी सांगितलं होतं तेवढाच."